दुसऱ्या वाढदिवसाची दुप्पट

मूल दोन वर्षांचं झालं की त्याची उंची मोजायची, तिची दुप्पट करायची, आणि मोठेपणी ते तेवढं उंच होणार असं समजायचं. हा ठोकताळा कोल्हापुरात आजी सांगते, शेजारच्या काकू सांगतात, बालवाडीच्या दारात उभ्या असलेल्या आया एकमेकींना सांगतात. उंचीचा विषय इथे नुसत्या कौतुकाचाही नाही. जिल्ह्यातल्या असंख्य घरांतली पोरं-पोरी पोलीस भरतीची तयारी करतात. शिपाई पदासाठी मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर उंची लागते. धावण्याचा वेळ सरावाने कमी होतो, गोळाफेकीचं अंतर सरावाने वाढतं; उंचीचं तसं नाही. म्हणून पोरगं चालायला लागल्यापासूनच घरात अंदाज बांधले जातात.

या ठोकताळ्यावर विश्वास किती ठेवावा? माझं मत आधीच सांगते: मुलांच्या बाबतीत तो सरासरीला बरा आहे, मुलींच्या बाबतीत चुकीचा आहे, आणि एकेका मुलाचं भविष्य सांगायला दोघांच्याही बाबतीत फार ढोबळ आहे. या तिन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत.

नियम जुना आहे. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात लिहून ठेवलं आहे की माणूस तिसऱ्या वर्षी आपल्या पुढच्या उंचीच्या निम्मा होतो. त्याने तिसरं वर्ष म्हटलं, आपण दुसरं म्हणतो. निम्मी उंची गाठण्याचं वय सगळ्या समाजांत आणि सगळ्या काळांत एकच असेल असं धरून चालता येत नाही, आणि मुलामुलींत तर ते नक्कीच एक नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते समोर ठेवून हे पडताळता येतं. दोन वर्षांच्या मुलग्याची मधली उंची ८७.१ सेंटिमीटर. मधली म्हणजे शंभर मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी केली तर बरोबर मध्ये येणाऱ्या मुलाची. तिची दुप्पट १७४.२. त्याच संघटनेच्या तक्त्यात १९ वर्षांच्या मुलग्याची मधली उंची १७६.५ आहे. दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा फरक, म्हणजे ठोकताळा म्हणून उत्तम. आता मुलगी घ्या. दोन वर्षांची मधली उंची ८५.७, दुप्पट १७१.४. पण १९व्या वर्षीची मधली उंची १६३.२. इथे नियम तब्बल ८ सेंटिमीटर जास्त सांगतो. इंचांत बोलायचं तर तीन इंचांहून जास्त. पोलीस भरतीत अर्ध्या सेंटिमीटरवरून नाव कटतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही चूक केवढी आहे ते वेगळं सांगायला नको.

कारण साधं आहे. दोन वर्षांचे मुलगा आणि मुलगी यांच्या उंचीत दीड सेंटिमीटरचा फरक असतो, मोठेपणी तो तेरा सेंटिमीटरच्या घरात जातो. हा फरक मुख्यतः वयात येण्याच्या काळात पडतो. मुली मुलांच्या दोनेक वर्षं आधी वयात येतात, त्यामुळे त्यांची बालपणीची संथ वाढ लवकर संपते, आणि नंतरची झेपही मुलांच्या मानाने आखूड असते. म्हणजेच मुलगी आपल्या प्रवासाचा निम्मा टप्पा मुलाच्या आधी गाठते. तक्त्यात पाहिलं तर ते वय दीड वर्षाच्या किंचित पुढे येतं: १८ महिन्यांच्या मुलीची मधली लांबी ८०.७, दुप्पट १६१.४. म्हणून जाणकार बालरोगतज्ज्ञ दुप्पट करायचीच असेल तर मुलग्याची दुसऱ्या वर्षी आणि मुलीची अठराव्या महिन्यात करा असं सांगतात. घराघरांत पोहोचताना या सल्ल्यातला मुलीचा भाग गळून पडला. मुलीच्या उंचीचा हिशेब मुलाच्या मापाने होत राहिला, आणि मला हे खटकतं, कारण भरतीच्या आशेवर आज मुलीही मोठ्या संख्येने उभ्या आहेत.

इथे तक्त्यांबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पाच वर्षांखालचे तक्ते २००६ साली आले. ते सहा देशांतल्या नीट खाऊनपिऊन वाढलेल्या, आईच्या दुधावर पोसलेल्या मुलांच्या मापांवरून तयार झाले, आणि त्यांत दक्षिण दिल्लीतली मुलंही होती. पाच वर्षांपुढचे तक्ते मात्र २००७ साली जुन्या अमेरिकी मापांवरून बसवलेले आहेत. सुरुवात सहा देशांची आणि शेवट अमेरिकेचा, अशी ही जोडणी आहे. भारतीय बालरोग संघटनेने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांचे वेगळे तक्ते काढले. त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. सुस्थितीतल्या भारतीय मुलींची अठराव्या वर्षीची मधली उंची त्यांत १६० च्या आतच राहते. म्हणजे आपल्याकडच्या मुलीसाठी दुसऱ्या वर्षाची दुप्पट ८ सेंटिमीटरहूनही जास्त फसते. मुलग्यांचा आकडाही अमेरिकी तक्त्यापेक्षा खाली असल्यामुळे त्यांच्या बाबतीत नियम योगायोगाने आणखी जवळ येतो.

आता एकेका मुलाकडे वळू. सरासरी जुळली म्हणजे आपल्या पोराचा अंदाज जुळला असं होत नाही, आणि या ठोकताळ्यातली सगळ्यात मोठी गफलत याच ठिकाणी होते. ब्रिटिश वाढतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी पन्नासच्या दशकात लहानपणापासून मोठेपणापर्यंत मोजलेल्या मुलांची मापं तपासली. जन्माच्या वेळची लांबी आणि मोठेपणीची उंची यांचा मेळ फार सैल निघाला. सहसंबंधाचा आकडा ०.३ च्या आसपास. दोन वर्षांच्या उंचीशी तो ०.८ पर्यंत चढतो. या चढण्याला शरीरात घडणारं कारण आहे. पोटातलं बाळ किती वाढेल हे बरंचसं आईच्या शरीरावर आणि आहारावर ठरतं. उंच बापाचं बाळ लहानखुऱ्या आईच्या पोटातून छोटं जन्माला येतं आणि मग पहिल्या दीड-दोन वर्षांत झपाट्याने आपल्या वाट्याच्या रेषेवर चढतं. उलट मोठं जन्मलेलं बाळ हळूहळू खाली येतं. याच काळात वाढीची सूत्रं दुधा-अन्नाच्या हातून वाढीच्या संप्रेरकाच्या हाती जातात. दोन वर्षांच्या सुमारास ही रेषा बदलण्याची धामधूम बहुतेक मुलांत थांबते. म्हणून नियमासाठी दुसरं वर्ष निवडलं गेलं ते अगदीच उगाच नाही. त्याआधीच्या मापावरून बांधलेला अंदाज आणखी ढोबळ असतो.

पण ०.८ म्हणजे १ नव्हे. दुसऱ्या वाढदिवशी बरोबर ८७ सेंटिमीटर भरलेली शंभर मुलं घेतली आणि ती वीस वर्षांची झाल्यावर पुन्हा मोजली, तर त्यांची सरासरी १७५ च्या आसपास येईल. त्यांतली साठ-सत्तर मुलं १७१ ते १८० मध्ये असतील. पंच्याण्णव मुलांना सामावून घ्यायचं असेल तर पट्टा १६७ ते १८४ असा ठेवावा लागेल. म्हणजे दोन वर्षांचे असताना एकाच उंचीचे असलेले दोन शेजारी मोठेपणी अर्ध्या फुटाने वेगळे निघू शकतात, आणि दोघांच्याही वाढीत काहीही बिघडलेलं नसतं. शास्त्राला माहीत असलेली सगळ्यात जुनी सलग नोंद बघा. फ्रान्समधल्या माँबेयार नावाच्या उमरावाने १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची दर सहा महिन्यांच्या आसपास मोजून ठेवली होती. दोन वर्षांचा असताना मुलगा सुमारे ९० सेंटिमीटर होता. अठराव्या वर्षी तो १८७ च्या घरात पोहोचला. दुप्पट १८० होते. नियम त्या निरोगी, खाऊनपिऊन सुखी मुलाच्या बाबतीत ७ सेंटिमीटरने हुकला, आणि तरीही तो अपेक्षित पट्ट्याच्या आतच होता.

हा पट्टा शरीराच्या स्वभावातून येतो. त्यावर मोजण्याच्या चुका वेगळ्या बसतात, आणि दुप्पट करताना प्रत्येक चूकही दुप्पट होते. दोन वर्षांचं मूल घरात कसं मोजतात ते पाहा. चौकटीला टेकवून उभं केलं की ते टाचा उचलतं, मान वळवतं, गुडघा वाकवतं. झोपवून शिवणकामाच्या टेपने मोजलं तर टेप पोटावरून वळसा घेतो आणि एक-दोन सेंटिमीटर सहज जास्त भरतात. मुलीच्या केसांचा बो, तेलाने चोपून वर बांधलेली शेंडी, पायातले बूट यांचं माप उंचीत जातं. नियमाप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची असते. अंगणवाडीत त्यासाठी लाकडी पाटासारखं इन्फँटोमीटर असतं. एकीने डोकं वरच्या पट्टीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे सरळ दाबून तळव्यांना खालची सरकपट्टी लावायची. एकट्या माणसाने हे नीट होत नाही. दोन वर्षं पूर्ण झाली की उभं करून स्टेडिओमीटरवर मोजायचं. झोपवून घेतलेलं माप उभ्या मापापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त असतं, म्हणजे दुप्पट केल्यावर जवळपास दीड सेंटिमीटरचा फरक इथेच पडतो.

त्याहून मोठी चूक वयाची. या वयात मूल महिन्याला पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतं. "दोन वर्षांचा असताना मोजला होता" असं घरची माणसं सांगतात तेव्हा तो बावीस महिन्यांचा होता की सव्वीस, हे कुणालाच आठवत नसतं. चार महिन्यांच्या या अंतराने मोठेपणीचा अंदाज सहा-सात सेंटिमीटरने हलतो. मूल महिना-दोन महिने आधी जन्मलेलं असेल तर तेवढे महिने वयातून वजा करून मगच मोजायला हवं.

आता एक हिशेब सगळा करून बघू. समजा, करवीर तालुक्यातलं एक घर आहे. वडील १६८ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फुटांना थोडे वर. आई १५४. त्यांची मुलगी दुसऱ्या वाढदिवशी झोपवून मोजली तर ८४ भरली. दुप्पट १६८, मुलगी वडिलांएवढी होणार म्हणून घर खूश. आता नीट मोजू. झोपवल्याचे ०.७ वजा केले की उभी उंची ८३.३. मधली उंची ८५.७ आहे, म्हणजे ती मधल्या रेषेच्या थोडी खाली आहे. मोठेपणी याच रेषेवर राहिली तर ती १५८ च्या आसपास पोहोचेल. अठराव्या महिन्यात तिचं माप ७८.५ च्या जवळ असतं आणि त्याची दुप्पट १५७ होते. दोन्ही उत्तरं एकमेकांना धरून आहेत.

याला आई-वडिलांच्या उंचीची जोड द्यायची. बालरोगतज्ज्ञ त्यासाठी सोपं गणित करतात. मुलीसाठी वडिलांच्या उंचीतून १३ सेंटिमीटर वजा करायचे, त्यात आईची उंची मिळवायची आणि निम्मे करायचे. मुलग्यासाठी आईच्या उंचीत १३ मिळवायचे, बाकी तसंच. तेरा हा आकडा तोच, स्त्री-पुरुषांच्या सरासरी उंचीतला फरक. या मुलीसाठी १६८ वजा १३ म्हणजे १५५, अधिक १५४ म्हणजे ३०९, निम्मे १५४.५. दोन्ही बाजूंना आठेक सेंटिमीटर सोडले तर हे तिच्या घराण्याचं लक्ष्य. तिची स्वतःची रेषा १५८ सांगते, घराणं १५४.५ सांगतं, मी अंदाज १५६-१५७ धरीन आणि १५० ते १६३ मधली कोणतीही उंची आली तरी आश्चर्य मानणार नाही. म्हणजे ज्या मुलीला घर १६८ ची समजत होतं, ती भरतीच्या १५५ च्या रेषेच्या बरोबर काठावर उभी आहे.

आई-वडिलांच्या उंचीचं हे गणित मात्र आपल्याकडे एका जागी अडखळतं. ते गृहीत धरतं की आई-वडील आपापल्या वंशाने दिलेली पूर्ण उंची गाठून बसले आहेत. महाराष्ट्राच्या खेड्यांत ते खरं नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा पुढे कित्येक वर्षं चालवला. त्या बायांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर होती, वजन चाळिशीच्या थोडं वर, आणि बाळांचं जन्मवजन सरासरी पावणेतीन किलोच्याही आत. या आयांची उंची त्यांच्या स्वतःच्या पोटातल्या आणि पहिल्या दोन वर्षांतल्या उपासमारीनेही ठरलेली होती. अशा आईची उंची गणितात घातली की मुलीचा अंदाज विनाकारण खाली ओढला जातो. बऱ्याच घरांत आजी, आई आणि नात एका रांगेत उभ्या राहिल्या तर पायरीसारखी चढण दिसते, ती यामुळेच. म्हणून लहानखुऱ्या आई-वडिलांचं मूल दोन वर्षांचं असताना त्यांच्या लक्ष्यापेक्षा वरच्या रेषेवर असेल तर मी मुलाच्या रेषेला जास्त वजन देईन.

उलट बाजूही तितकीच खरी. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. मुलग्यासाठी ती सीमा दोन वर्षांना ८१ सेंटिमीटर, मुलीसाठी ७९.३. ८१ भरलेल्या मुलग्याची दुप्पट १६२ येते आणि दुर्दैवाने तो अंदाज पुष्कळदा खरा ठरतो, कारण पहिल्या दोन वर्षांत झालेली तूट नंतरच्या खाण्याने पूर्ण भरून निघत नाही. पोलीस भरतीच्या १६५ शी तुलना केली तर ते तीन सेंटिमीटर पोरगं अंगणवाडीत असतानाच गेलेले असतात: वारंवारच्या जुलाबांत, सहा महिन्यांनंतर नुसत्या पातळ पेजेवर आणि बिस्किटांवर ठेवल्यात, डाळ-अंडं उशिरा सुरू केल्यात. सातवी-आठवीत महागड्या पावडरींचे डबे आणून ते परत मिळत नाहीत.

दुसऱ्या वर्षाच्या मापाला ज्याची काहीच चाहूल नसते ती गोष्ट म्हणजे वयात येण्याची वेळ. एखादी मुलगी आठव्या वर्षाच्या आधीच वयात येऊ लागली तर तिसरी-चौथीत ती वर्गात सगळ्यांत उंच दिसते, घरचे कौतुक करतात, आणि सातवीत तिची वाढ थांबते. पाळी सुरू झाल्यानंतर मुलगी साधारण पाच ते सात सेंटिमीटरच वाढते. हे ज्यांना माहीत असतं ते लवकर डॉक्टर गाठतात. उशिरा वयात येणाऱ्या मुलग्यांचं उलट होतं: दहावीत पहिल्या बाकावर बसणारा पोरगा कॉलेजात गेल्यावर अचानक वाढतो. त्याच्या वडिलांना विचारलं तर बहुधा तेही तसेच वाढलेले असतात.

म्हणून दुसऱ्या वर्षाचं माप कामाचं आहे, पण ते पहिलं माप म्हणून. वाढदिवसाच्या दिवशी अंगणवाडीत किंवा दवाखान्यात नीट मोजून माता-बाल संरक्षण कार्डावर तारखेसह लिहून ठेवावं, आणि मग दर सहा महिन्यांनी. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. ते चारच्या खाली उतरलं, किंवा मूल तक्त्यावरच्या आपल्या रेषेवरून एकेक पायरी खाली घसरू लागलं, तर थायरॉइड, वाढीचं संप्रेरक, आतड्याचे आजार यांची तपासणी तेव्हाच व्हायला हवी. दुप्पट करून मोकळं झालेल्या घराला ही घसरण दिसत नाही, कारण त्यांनी पुन्हा मोजलेलंच नसतं.

आणि पोरगा थेट भरतीच्या वयात, अठराव्या वर्षी, १६३ वर अडकून समोर आला तर? अकादमीत अशी पोरं रोज सकाळी बारला लोंबकळताना दिसतात. लोंबकळल्याने उंची वाढत नाही. डाव्या मनगटाचा एक एक्स-रे मात्र खरं सांगतो. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा मिटल्या असतील, तर उंची तिथेच संपली आणि मुलाने बारवरून उतरून उंचीची अट नसलेल्या नोकरीच्या तयारीला लागावं. पण मुलगा उशिरा वयात आलेला असेल आणि एक्स-रेवर हाडांचं वय सोळाच निघालं, तर त्याने आपल्या पूर्ण उंचीचे सुमारे ९८ टक्केच गाठलेले असतात. १६३ चे १६६ होण्याइतकी जागा त्याच्या हाडांत अजून शिल्लक असते, आणि त्याने त्या वर्षीची भरती सोडून पुढच्या वर्षीचा अर्ज भरावा.